विश्लेषण : एसी गार करत नाही, दोष इमारतीचा की फिटिंगचा?

एप्रिल उजाडला की अहिल्यानगरच्या सावेडी-केडगावपासून श्रीरामपूर-संगमनेरपर्यंत एकच तक्रार कानी येते. नवा एसी बसवला, पैसे मोजले, पण खोली काही गार होत नाही. तक्रार केल्यावर फिटिंग करणारा येतो, हात लावून पाहतो आणि वर बोट दाखवतो : ‘‘तुमचा स्लॅबच तापतो साहेब, पश्चिमेची भिंत आहे, मशीन काय करणार?’’ ग्राहकालाही ते पटल्यासारखे होते, कारण स्लॅब खरोखरच तापलेला असतो. पण स्लॅब तापतो हे खरे असले तरी एसी गार न करण्याचे कारण तेच आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ते सिद्ध करण्याचा किंवा खोडून काढण्याचा मार्ग फारसा अवघड नाही. एक साधा थर्मामीटर आणि वीस मिनिटे पुरतात.

इमारतीचा दोष म्हणजे नेमके काय?

एसी खोलीत गारवा ‘तयार’ करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. पहिला, खोलीत दर सेकंदाला किती उष्णता शिरते? दुसरा, मशीन दर सेकंदाला किती उष्णता उचलते? पहिल्याचे उत्तर इमारत देते, दुसऱ्याचे मशीन आणि त्याची फिटिंग. खोली गार होत नाही तेव्हा एकतर शिरणारी उष्णता मशीनच्या ऐपतीपेक्षा जास्त असते, नाहीतर मशीन आपल्या ऐपतीइतके काम करत नसते. फिटिंग करणारा जेव्हा इमारतीला दोष देतो तेव्हा तो पहिली शक्यता सांगत असतो. पण दुसरी शक्यता तपासली का, हे मात्र सांगत नाही. सारा वाद तिथेच अडतो.

खोलीत किती उष्णता शिरते?

एक उदाहरण घेऊ. वरच्या मजल्यावरची १२ बाय ११ फुटांची बेडरूम, वर उघडी गच्ची, पश्चिमेला भिंत आणि तीत चार बाय चार फुटांची खिडकी, असे समजू. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवला आहे. मे महिन्यातली दुपारची चारची वेळ, बाहेर ४१ अंश.

साधारण १३० चौरस फुटांच्या, उष्णतारोधक थर नसलेल्या स्लॅबमधून या वेळी ढोबळमानाने १००० वॅट उष्णता आत येते. पश्चिमेच्या नऊ इंची विटांच्या भिंतीतून ३०० वॅट, पडदा असलेल्या खिडकीतून ५०० वॅट. खोलीत दोन माणसे बसली तर २०० वॅट, पंखा-दिवा-टीव्ही मिळून आणखी २००, आणि दाराच्या फटींतून शिरणाऱ्या गरम हवेचे ३००. बेरीज झाली २५०० वॅट. हे आकडे काटेकोर नाहीत. स्लॅबची जाडी आणि रंग, खिडकीची काच यांनुसार ते वरखाली होतील. पण त्यांचा अंदाज चुकून दुप्पट निघणार नाही.

आता मशीन. एक टन म्हणजे सुमारे ३५०० वॅट, त्या हिशेबाने दीड टन म्हणजे ५२०० वॅट. बाजारातल्या दीड टनांच्या लेबलवर प्रत्यक्षात त्याहून किंचित कमी आकडा असतो, ५००० वॅट धरू. इथे एक बारीक गोष्ट आहे. लेबलवरची क्षमता बाहेर ३५ आणि आत २७ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४१ असेल तर ती कमी होते. दहावा हिस्सा कमी झाला असे धरले तरी ४५०० वॅट उरतात. खोलीत शिरतात २५००.

म्हणजे या खोलीत ‘स्लॅब तापतो’ हे कारण पुरेसे नाही. स्लॅबमधून येणारी उष्णता दीडपट झाली तरी बेरीज ३००० वर जाते, ४५०० वर नव्हे. वरच्या मजल्यावर बसवतो आहोत, म्हणूनच एका टनाऐवजी दीड टन घ्या असे दुकानदाराने सुचवलेले असते. तो जास्तीचा अर्धा टन स्लॅबसाठीच होता. मग त्याच स्लॅबवर खापर फोडण्यात काय अर्थ?

मग मशीन किती काम करते हे कसे कळावे?

इनडोअर युनिट वरच्या जाळीतून खोलीतली हवा आत ओढते आणि खालच्या पट्ट्यांमधून गार करून सोडते. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक हाच मशीनचा खरा दाखला. टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो यासाठी चालतो.

दार-खिडक्या बंद करा. एसी १६ किंवा १८ अंशांवर लावा, पंखा सर्वांत जास्त वेगावर ठेवा आणि वीस मिनिटे चालू द्या. इन्व्हर्टर मशीनमध्ये हे महत्त्वाचे आहे, कारण ठरवलेले तापमान जवळ आले की त्याचा कॉम्प्रेसर आपोआप मंदावतो आणि फरक कमी दिसतो. सेटिंग इतके खाली ठेवले की मशीनला पूर्ण जोर लावावाच लागतो. मग वरच्या जाळीजवळ एकदा आणि पट्ट्यांच्या तोंडाशी एकदा तापमान घ्या. सेन्सर धातूला टेकू देऊ नका, हवेत धरा.

नीट चालणाऱ्या मशीनमध्ये हा फरक साधारण १० ते १४ अंश असतो. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी असते, त्यामुळे मशीनची ताकद बाष्प पिळून काढण्यात फारशी जात नाही आणि फरक या पट्ट्याच्या वरच्या बाजूला असायला हवा. पावसाळ्यात तो कमी दिसला तर लगेच बिघाड समजू नये. पण मे महिन्यात तो आठच्या खाली असेल, तर मशीनमध्ये किंवा फिटिंगमध्ये काहीतरी चुकले आहे.

वरच्या उदाहरणात समजा आत जाणारी हवा ३४ अंश आणि येणारी २९ अंश निघाली. फरक पाच. दीड टनाच्या मशीनमधून तासाला साधारण १००० घनमीटर हवा फिरते, आणि तेवढ्या हवेचा एक अंश उतरवणे म्हणजे जवळपास ३०० वॅट उष्णता उचलणे. पाच अंशांचे झाले १५०० वॅट. खोलीत शिरतात २५००, मशीन उचलते १५००. खोली गार होणारच नाही. उलट फरक १३ असता तर मशीनने ३९०० वॅट उचलले असते आणि तोच तापलेला स्लॅब डोक्यावर असूनही खोली तासाभरात २५-२६ वर आली असती. इमारत दोन्ही वेळा तीच आहे, बदलले ते फक्त मशीनचे काम.

फिटिंगमध्ये चुकते कुठे?

कारखान्यातून येणारा स्प्लिट एसी अर्धवटच असतो. दोन डबे वेगळे येतात. त्यांना तांब्याच्या नळ्यांनी जोडून एक बंद यंत्रणा बनवण्याचे काम तुमच्या घरात होते. त्यामुळे मशीन उत्तम असूनही फिटिंग वाईट असू शकते.

सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा म्हणजे व्हॅक्यूम. नळ्या आणि इनडोअर युनिट जोडताना त्यांच्यात हवा आणि दमटपणा असतो. गॅस सोडण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून ते काढावे लागते. पंप निदान १५-२० मिनिटे चालवायचा, मग बंद करून काही मिनिटे गेजचा काटा जागेवर राहतो का ते पाहायचे. काटा वर सरकला तर कुठेतरी गळती आहे. याऐवजी घाईत एक सोपी युक्ती केली जाते. आउटडोअरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून आतल्याच गॅसने नळीतली हवा फुर्रकन बाहेर ढकलायची. दोन मिनिटांचे काम. पण त्यात थोडा गॅस जातो, थोडी हवा आणि बाष्प आतच राहते. हवा गॅससारखी द्रवरूप होत नाही, त्यामुळे दाब वाढतो आणि क्षमता घटते. बाष्प कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून पुढे आम्ल तयार करते. त्याचे परिणाम दोन-तीन उन्हाळ्यांनी दिसतात, तेव्हा फिटिंगची आठवण कुणाला नसते.

दुसरी जागा म्हणजे नळीची टोके. तांब्याच्या नळीचे टोक कर्ण्यासारखे फुलवून नटाने आवळतात. ते वेडेवाकडे फुलवले किंवा नट कमी-जास्त आवळला तर गॅस हळूहळू गळतो. पहिल्या दिवशी मशीन छान चालते, महिन्याभरात मंदावते. इथे ओळखायची खूण सोपी आहे : नटाभोवती तेलकट डाग. साबणाच्या फेसाने बुडबुडे दिसले तर शंकाच नको. गॅस कमी झाला की आउटडोअरवरची बारीक नळी आणि तिच्या व्हॉल्व्हवर बर्फ साचतो, आणि इनडोअरची जाळी काढली तर आतल्या कॉइलचा काही भाग ओला-गार तर उरलेला कोरडा दिसतो.

याच संदर्भात एक गैरसमज दूर व्हायला हवा. ‘गॅस संपला, दरवर्षी भरावाच लागतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. यंत्रणा बंद असते, गॅस त्यातच फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणे.

तिसरी चूक नळीला पडलेल्या घडीची आणि उघड्या राहिलेल्या नळीची. कोपऱ्यात हाताने वाकवताना नळी दबली तर गॅसचा मार्ग अरुंद होतो. स्प्लिट एसीत बहुधा दोन्ही नळ्या गार असतात, म्हणून दोन्हींवर वेगवेगळे काळे फोम-आवरण हवे. एकाच आवरणात दोन्ही कोंबल्या किंवा गच्चीवरचा तुकडा उन्हात उघडा राहिला, तर खोलीसाठीची गारवाई वाटेतच उधळली जाते.

चौथी चूक आउटडोअरच्या जागेची. खोलीतून उचललेली सारी उष्णता हा डबा बाहेर टाकतो. तो इमारतीच्या चिंचोळ्या डक्टमध्ये, बंद बाल्कनीत किंवा समोर भिंत असलेल्या कोपऱ्यात ठेवला, तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. त्याच्यासाठी बाहेरचे तापमान ४१ नव्हे, ५० होते. दुपारी डब्यामागे, हवा जिथून आत जाते तिथे थर्मामीटर धरा. बाहेरच्या सावलीपेक्षा तिथे पाच-सात अंश जास्त निघाले तर उत्तर मिळाले.

शेवटची गोष्ट विजेची. एसी चालू असताना त्याच्याच प्लगपाशी व्होल्टेज मोजायला हवे, बंद असताना नव्हे. लांबून आणलेल्या बारीक वायरमुळे भार पडताच व्होल्टेज खाली येते आणि इन्व्हर्टर मशीन स्वतःला वाचवण्यासाठी कॉम्प्रेसर मंद करते. वायरिंग घराचे असले तरी ते मशीनला पुरते का, हे बसवण्याआधी तपासणे फिटिंगच्या कामातच येते.

इमारत खरोखर दोषी असते का?

असते. फिटिंग करणाऱ्याची बाजू इथे मांडायलाच हवी. दोनशे चौरस फुटांचा हॉल, त्याला उघडे स्वयंपाकघर, मोठी काच, वर गच्ची, आणि खर्च वाचवण्यासाठी घेतलेला एक टनाचा एसी. अशा ठिकाणी फरक १३ अंश निघतो, मशीन अथक चालते आणि खोली तरी ३० च्या खाली येत नाही. इथे मशीन निर्दोष आहे. उपाय इमारतीत आहे : गच्चीला पांढरा परावर्तक लेप, खिडकीला बाहेरून सावली, स्वयंपाकघराकडे दार किंवा जाड पडदा.

पण अशा वेळीही एक प्रश्न उरतो. स्लॅब, पश्चिमेची भिंत, उघडा हॉल, अरुंद डक्ट हे सारे बसवण्याच्या दिवशीही तिथेच होते. ते पाहूनच टनेज सुचवले गेले, जागा ठरवली गेली, भिंतीला भोक पाडले गेले आणि पैसे घेतले गेले. जागा योग्य नसेल तर ते त्या दिवशी सांगायला हवे होते, शक्यतो लेखी. ‘सोसायटी आउटडोअर समोर लावू देत नाही, डक्टमध्ये लावल्यास गारवा कमी मिळेल’ एवढे एक वाक्य जॉब शीटवर लिहून ग्राहकाची सही घेतली असती, तर इमारतीचा मुद्दा हा बचाव झाला असता. पैसे घेऊन झाल्यावर, तक्रार आल्यावर आठवलेला स्लॅब ही पळवाट ठरते.

तक्रार कशी मांडावी?

‘एसी गार करत नाही’ या तक्रारीला ‘इमारत गरम आहे’ हे उत्तर देता येते. ‘सेटिंग १६, वेळ दुपारी ४, वीस मिनिटांनंतर आत जाणारी हवा ३४, येणारी २९, फरक ५’ या तक्रारीला ते उत्तर देता येत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि हे आकडे त्यात लिहा. थर्मामीटरचे फोटो जोडा. मेकॅनिक आला की त्याच्या जॉब शीटवर चार गोष्टी लिहून मागा : हवेतला फरक, गॅसचा दाब, कॉम्प्रेसर घेत असलेला करंट आणि गॅस भरला तर किती ग्रॅम. ‘चेक केले, ओके’ एवढ्यावर सही करू नका. ‘इमारतीमुळे’ असे तो म्हणत असेल तर तेही लिहून मागा. लिहायची वेळ आली की बऱ्याचदा गॅस पुन्हा तपासला जातो.

फिटिंगचे वेगळे बिल जपून ठेवा. अनेक घरांत एसी दुकानातून, फिटिंग दुकानदाराने पाठवलेल्या माणसाकडून आणि पैसे रोख असा प्रकार असतो. मग कंपनी फिटरकडे, फिटर दुकानदाराकडे आणि तिघे मिळून इमारतीकडे बोट दाखवतात.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली उणीव ही तक्रारीची बाब आहे, आणि फिटिंग ही सेवाच आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पूर्वी विक्रेता जिथे असेल किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल तिथे जावे लागे, आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते. त्यामुळे एसी पुण्यातून किंवा ऑनलाइन घेतला असला तरी अहिल्यानगरचा आयोग चालतो. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि e-jagriti.gov.in वर ऑनलाइन दाखल करता येते. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तक्रारीत विक्रेता, फिटिंग करणारा आणि कंपनी तिघांनाही प्रतिवादी करावे, म्हणजे टोलवाटोलवीला जागा उरत नाही.

इथे सावध राहण्याची एक गोष्ट आहे. सेवेत उणीव होती हे दाखवण्याचा भार तक्रारदारावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या २०२१ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केले. नुसते ‘खोली गार होत नाही’ म्हणून भागत नाही. वर सांगितलेल्या नोंदी, जॉब शीट आणि जमल्यास दुसऱ्या जाणकार तंत्रज्ञाचा प्रतिज्ञापत्रासह अहवाल, हा पुरावा तिथे उपयोगी पडतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. तपासणी न लागणाऱ्या प्रकरणांचा निकाल तीन महिन्यांत आणि लागणाऱ्यांचा पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. पण भिंतीवर जोडलेली फिटिंग प्रयोगशाळेत नेता येत नाही. एकदा उखडली की मूळ दोषच पुसला जातो. म्हणून दुसऱ्या मेकॅनिककडून दुरुस्त करून घेण्याआधी नोंदी करा, फोटो काढा आणि पहिल्याला लेखी कळवा.

बदल कुठे हवा?

एसीच्या डब्यावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे असतात, फिटिंगवर काहीच नसते. पाच ताऱ्यांचे मशीन व्हॅक्यूम न करता बसवले तर त्याचे तारे पहिल्याच दिवशी गळतात आणि वाढलेले बिल ग्राहक वर्षानुवर्षे भरतो. उन्हाळ्यात एकेका फिटरवर दिवसाला पाच-सहा मशीनचा भार असतो, पैसे नगावर मिळतात. वीस मिनिटे पंप चालवणे त्याला परवडत नाही, हेही समजून घ्यायला हवे. पण त्याची किंमत ग्राहकाने का मोजावी?

उपाय एका कागदाचा आहे. फिटिंग झाल्यावर व्हॅक्यूम किती वेळ केला, नळी किती मीटर लागली, गॅस किती वाढवला, आणि वीस मिनिटांनंतर हवेतला फरक किती आला, या चार नोंदी कंपन्यांनी हमीपत्राचाच भाग कराव्यात आणि त्या नसतील तर फिटिंगचे पैसे देय नसावेत. तोवर हा कागद ग्राहकाने स्वतः मागावा, शिडी परत गाडीवर चढण्याआधी.